दडलेला शब्द की उलटा शब्द: आधी कुठला धरून बघायचा?

सोलापूर हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहून बघा. सात अक्षरं होतात, आणि तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत ‘लॅप’ हा इंग्रजी शब्द बसलेला दिसतो. लॅप म्हणजे मैदानाची फेरी. तीच तीन अक्षरं उलटीकडून वाचली की ‘पॅल’, म्हणजे दोस्त. माझी भाची यंदा इंग्रजी क्रिप्टिक शब्दकोडी सोडवायला शिकतेय. त्यांच्या प्रत्येक क्लूमध्ये उत्तराचा अर्थही असतो आणि अक्षरांवरून उत्तराकडे नेणारी वाटही. ती दर वेळी एकाच ठिकाणी अडते: शब्द समोर दडलेला आहे की उलटा करायचा आहे, हेच ठरत नाही. म्हणून तिच्यासाठी मी आपल्या गावाच्या नावावरच तीन क्लू रचले. कंसातला आकडा म्हणजे उत्तराची अक्षरं.

```
1. Part of Solapur circuit (3)
2. Friend back for circuit (3)
3. Friend in Solapur coming back (3)
```

पहिल्या दोन्हींचं उत्तर लॅप, तिसऱ्याचं पॅल. तिन्हींत माल तोच असला तरी वाट वेगळी आहे.

पहिल्यात ‘पार्ट ऑफ’ हे खूणशब्द आहेत. ते सांगतात की शेजारच्या शब्दाचा तुकडा घे. सोलापूर हा शब्द कागदावर छापलेलाच आहे आणि उत्तराची अक्षरं त्यातच आहेत, त्याच क्रमाने, सलग. उरलेला ‘सर्किट’ हा अर्थ. इथे डोक्यात शब्दसंग्रह लागत नाही, नजर लागते.

दुसऱ्यात सोलापूर नाही आणि उत्तराची अक्षरंही कागदावर नाहीत. ‘फ्रेंड’साठी पॅल हा शब्द तुम्हालाच आठवायचा, ‘बॅक’ म्हणतंय म्हणून तो उलटा करायचा, की ‘सर्किट’ या अर्थाचा लॅप मिळतो. दोघांतला खरा फरक हाच आहे. दडलेल्या शब्दाचा कच्चा माल छापलेला असतो. उलट्या शब्दाचा माल बहुतेक वेळा समानार्थी शब्दामागे असतो, आधी तो शोधावा लागतो.

तिसऱ्यात दोन्ही एकत्र आहेत. ‘इन’ म्हणतंय सोलापूरच्या आत बघ, ‘कमिंग बॅक’ म्हणतंय उलटं वाच. भाचीने इथे लॅप लिहिलं आणि पुढच्या क्लूकडे वळली. मी विचारलं, ‘फ्रेंड’ कुठे गेला? ती म्हणाली, “मामा, इन सोलापूर दिसलं, आत लॅप सापडला, म्हणून लिहिलं.” पण लॅपचा अर्थ दोस्त होत नाही, आणि ‘कमिंग बॅक’ला काहीच काम उरत नाही. झिमेनीज या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या डी. एस. मॅकनट यांच्या परंपरेतले रचनाकार असा रिकामा शब्द ठेवत नाहीत. उत्तर लिहून झाल्यावर क्लूमधला एखादा शब्द बिनकामाचा उरला, तर उत्तर चुकलंय असं धरा आणि परत त्या शब्दापाशी या.

आता खूणशब्दांची जात कशी ओळखायची? माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न हा: हा शब्द जागा सांगतोय की हालचाल? सम, पार्ट ऑफ, विदिन, हाइड्स, फ्रॉम, सॅम्पल हे शब्द जागा किंवा हिस्सा सांगतात. ते दडलेल्या शब्दाकडचे. बॅक, रिटर्निंग, टर्न्ड, रिजेक्टेड, रिव्होल्यूशनरी हे हालचाल सांगतात. ते उलट्याकडचे. शेवटच्या शब्दाला लोक हटकून फसतात, कारण क्रांतिकारक असा अर्थ डोळ्यासमोर येतो. रचनाकाराला मात्र गोल फिरणं एवढंच हवं असतं.

याच जागी आडवं-उभंही बघायचं. उभ्या उत्तरात शब्द वरून खाली लिहिला जातो, म्हणून तिथे रायझिंग, अप, गोइंग अप, नॉर्थवर्ड असे शब्द उलटं करायला येतात. आडव्या उत्तरात काटेकोर रचनाकार हे शब्द त्यासाठी वापरत नाही. आडव्यात ‘अप’ दिसलं तर उलट्याच्या मागे वेळ घालवू नका, त्याचं काही दुसरं काम असेल. ‘बॅक’ आणि ‘रिटर्निंग’ मात्र दोन्हीकडे चालतात.

हे सगळं मराठीत करून बघितलं की जास्त पक्कं होतं, निदान माझं तरी तसंच झालं. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर, तेही काना-मात्रेसह. जोडाक्षरसुद्धा एकाच घरात. म्हणून शब्द उलटा करताना मात्रा आपल्या अक्षराबरोबरच जाते. हा माझा क्लू बघा:

```
एक मळकट, आतून फूल (3)
```

‘आतून’ जागा सांगतंय. ‘एक मळकट’ यात सहा अक्षरं आहेत: ए, क, म, ळ, क, ट. उत्तर तीन अक्षरांचं, म्हणजे तीन-तीनचे चार तुकडे पडतात: एकम, कमळ, मळक, ळकट. दुसरा तुकडा फूल आहे. उत्तर दोन शब्दांच्या मधल्या फटीवर बसलंय, आणि दडलेल्या शब्दाची चांगली जागा तीच. ‘सोलापुरी’ यात ‘पुरी’ दडली आहे हे खरं, पण ती शब्दाच्या टोकाला उघडी पडलेली आहे, सोडवणाऱ्याला काही शोधावंच लागत नाही.

आता हा क्लू:

```
वार परतला की शिऱ्याला लागतो (2)
```

‘परतला’ ही हालचाल. वार उलटा केला की रवा. परतणं हे आपल्या स्वयंपाकघरातलंही क्रियापद आहे आणि माघारी येणंही, म्हणून मराठीत उलट्याची खूण म्हणून त्याच्यासारखा शब्द नाही. इथे दडलेला शब्द का नाही, हे मोजूनच कळतं. ‘वार’ दोन अक्षरांचा आणि उत्तरही दोन अक्षरांचं. दडायला निदान एक जादा अक्षर हवं. माल आणि उत्तर सारख्याच लांबीचे असतील, तर दडलेल्याचा पर्याय तिथेच खोडून टाका.

मराठीत दडलेल्या शब्दाला एक अडचण आहे जी इंग्रजीत नाही. इंग्रजीतला ‘इन’ वेगळा उभा राहतो, आपला ‘-त’ शब्दालाच चिकटतो आणि शब्द बदलून टाकतो. सोलापूर या शब्दात ‘पूर’ आहे. पण ‘सोलापुरात’ म्हटलं की दीर्घ पू ऱ्हस्व होतो, र ला काना लागतो, आणि पूर नाहीसा होतो. म्हणून मराठी क्लूमध्ये खूण सुटी असली पाहिजे: आतून, थोडा, काही, अंश, तुकडा. अशी सुटी खूण दिसली की तिच्या आजूबाजूचे शब्द अक्षरशः, एकही मात्रा न बदलता वाचायचे.

तिसरा नमुना मला स्वतःला सगळ्यात आवडतो. ‘बरा वाटला’ एवढाच माल घ्या. पाच अक्षरं, दोन-दोनचे चार तुकडे: बरा, रावा, वाट, टला. सरळ वाचलं तर दुसऱ्या तुकड्यात रावा, म्हणजे पोपट. उलटं वाचलं तर त्याच तुकड्यात वारा. म्हणून हे दोन क्लू शेजारी ठेवा:

```
बरा वाटला थोडा पोपट (2)
झुळूक परतताना बरा वाटला थोडा (2)
```

दोन्हीत ‘थोडा’ आहे, म्हणून दोन्हीत आत शोधायचं. फक्त दुसऱ्यात ‘परतताना’ जादा आहे, तो उलटं वाचायला लावतो. पहिल्यात तशी हालचाल नाही, मग उत्तर सरळच. दुसऱ्यात चारही तुकडे उलटे करून बघितले तर राब, वारा, टवा आणि लाट मिळतात. यातले तीन मराठीत चालणारे शब्द आहेत, आणि निवाडा फक्त ‘झुळूक’ करते. अर्थाच्या जागी ‘चैत्रात सोलापूरकरांना नकोशी’ असं असतं तर उत्तर लाट झालं असतं.

आणि निव्वळ उलटा असता तर क्लू असा झाला असता: ‘पोपट माघारी फिरला, पतंगाला हवा तो (2)’. यात ‘बरा वाटला’ कुठेच नाही. पोपटावरून रावा तुम्हालाच आठवायला हवा. तो आठवला नाही तर दहा मिनिटं बघूनही काही सापडणार नाही.

म्हणूनच समोर अनोळखी क्लू आला की आधी दडलेला शब्द तपासायचा, असं माझं ठाम मत आहे. तो लवकर तपासून होतो. सोलापूरच्या सात अक्षरांत तीनचे पाच तुकडे, उलटे धरून दहा. मिनिटभरात सगळे बघून होतात, आणि नसेल तर नाही हे खात्रीने कळतं. उलट्या शब्दात अशी खात्री कधीच मिळत नाही, कारण मित्र या अर्थाचे इंग्रजी शब्द अनेक आहेत आणि तुम्हाला कुठला आठवला नाही हे तुम्हाला कळणार नाही. तिथे आधी त्या उत्तराला छेदणारे शब्द सोडवून दोन-एक अक्षरं मिळवा.

आधी उलट्याकडे जावं अशी एकच स्थिती मला दिसते: हालचालीचा खूणशब्द ठळक आहे, जागेचा एकही नाही, आणि उत्तर लहान आहे. उलटे केल्यावरही शब्द राहणारे शब्द बहुतेक आखूडच असतात. इंग्रजीत ‘स्ट्रेस्ड’ उलटून ‘डेझर्ट्स’ होतो, आठ अक्षरी, पण असे मोजकेच. मराठीत दोन-तीन अक्षरांपुढे फारसं मिळत नाही. उत्तर नऊ अक्षरांचं असेल आणि ‘बॅक’ दिसत असेल, तर उत्तराचा फक्त एक तुकडा उलटा आहे असं समजा.

काही खुणा दोन घरच्या पाहुण्या असतात, त्यांच्यावर एकदम विसंबू नका. ‘फिरला’ किंवा ‘टर्निंग’ हे अक्षरं विस्कटायलाही सांगतात. ‘इन’ आणि ‘होल्डिंग’ एका शब्दाच्या पोटात दुसरा घालायलाही येतात. मराठीत ‘उलट’ विरुद्ध अर्थ सुचवत असेल. आणि खूण दोन अर्थांच्या बरोबर मध्ये उभी असली तर ती कोणाला लागू हे क्लूवरून ठरतच नाही:

```
Friend returning circuit (3)
```

पॅल फिरवून लॅप, की लॅप फिरवून पॅल? दोन्ही बरोबर. असा क्लू सदोष मानतात, पण छापून येतो. इथे पेन उचलू नका. छेदणाऱ्या उत्तरातून पहिलं किंवा तिसरं अक्षर येऊ द्या. मधलं येऊन उपयोग नाही, ते दोन्हीकडे सारखंच आहे.

भाचीने काल मला उलट क्लू पाठवला: ‘मका परतून झाला उद्योग (2)’. मी आधी सवयीने आत शोधायला गेलो. मग अक्षरं मोजली.