कीर्तनाचे ध्वनिमुद्रण : १६ बिट, २४ बिट की ३२ बिट फ्लोट, ४८ की ९६ किलोहर्ट्झ?

नारदीय कीर्तनाचे थेट ध्वनिमुद्रण करणाऱ्याला एकाच बैठकीत दोन टोकाचे आवाज सांभाळावे लागतात. पूर्वरंगात बुवा निरूपण करताना जवळजवळ संभाषणाच्या आवाजात बोलतात आणि उत्तररंगात आख्यान रंगले की तबला, झांज आणि श्रोत्यांचा जयघोष असे सगळे एकदम उसळते. रेकॉर्डरच्या मेनूमधले पर्याय निवडताना हे चित्र डोळ्यांसमोर असावे, असे मला वाटते, कारण स्टुडिओत एकट्या आवाजासाठी जो पर्याय पुरेसा ठरतो तो इथे पुरेसा ठरेलच असे नाही. शेवटी ऐकणाऱ्याच्या हाती १६ बिटची सीडी किंवा यूट्यूबवरचा दाबलेला आवाजच पडणार असेल, तर मुद्रण त्याहून वरच्या दर्जाचे का करावे, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

आधी बिटांकडे पाहू, कारण खरा फरक तिथे आहे. एका बिटामागे साधारण ६ डेसिबल धरले तर १६ बिटांना सुमारे ९६ आणि २४ बिटांना १४४ डेसिबलचा पल्ला मिळतो. प्रत्यक्षात आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या चांगल्या कन्व्हर्टरचा स्वतःचाच गोंगाट उणे ११० ते १२० डेसिबलच्या आसपास असतो, म्हणून १४४ हा आकडा कागदावरच राहतो. २४ बिट घेतल्याने शून्याच्या, म्हणजे रेकॉर्डरला पेलणाऱ्या कमाल पातळीच्या, वर जागा मिळते, असाही एक समज आहे. तसे होत नाही. शून्य डेसिबलला १६ बिटही फाटतो आणि २४ बिटही तितकाच फाटतो. लहरींचे माथे दोन्हीकडे सारखेच सपाट कापलेले दिसतात. वाढलेली जागा खालच्या बाजूला असते. खालचा गोंगाट दूर गेल्यामुळे आपण संपूर्ण मुद्रण निर्धास्तपणे खालच्या लेव्हलवर ठेवू शकतो, आणि त्यामुळे वर जी मोकळी जागा उरते तीच आपली हेडरूम.

कीर्तनापुरता हिशेब मांडून पाहू. आवाजाच्या चाचणीत झांज जोरात वाजवून घेतली आणि तिचे माथे उणे १८ डेसिबलवर राहतील असा गेन लावला. माझा अनुभव असा की चाचणीपेक्षा प्रत्यक्ष कीर्तनात आवाज निदान सात-आठ डेसिबलने चढतोच, म्हणजे जयघोषाच्या वेळी माथे उणे १० च्या आसपास जातील आणि तरीही काही फाटणार नाही. पण याच गेनवर निरूपणातले शब्द उणे ३५ च्या जवळ राहतात. १६ बिटांत त्या शब्दांखाली फक्त सुमारे ६० डेसिबल, म्हणजे जेमतेम दहा बिट, शिल्लक राहतात. संपादनात ते बोलणे २० डेसिबलने उचलले की उणे ९६ वरचा गोंगाट उणे ७६ वर येतो आणि वाक्यांमधल्या विरामांत हेडफोनवर एक बारीक खरखर जाणवू लागते. २४ बिटांत तेवढेच उचलले तरी कन्व्हर्टरचा गोंगाट उणे ९५ च्या आसपास राहतो. देवळात पंखे चालू असतील तर त्यांचा आवाज या दोहोंच्या वरच असेल आणि फरक झाकला जाईल, हे मान्य केले पाहिजे. शांत सभागृहात मात्र तो झाकला जात नाही.

माझ्यापुरता निर्णय या खरखरीने झाला नाही. तो झाला १६ बिटांमुळे जडणाऱ्या एका सवयीने. खाली जागा कमी असल्यामुळे लेव्हल शून्याच्या शक्य तितकी जवळ ठेवण्याचा मोह होतो, मग हात सतत गेनच्या बटणावर राहतो, निरूपणात तो वाढवला जातो आणि झांज उचललेली दिसताच घाईने कमी केला जातो. असे केलेले मुद्रण ऐकायला फार त्रासदायक असते, कारण बुवांच्या आवाजाबरोबर पेटीचा भरलेला सूर आणि सभागृहाची घुमही वर-खाली होत राहते, आणि गेन नेमका कुठे किती फिरवला याची नोंद नसल्याने ते नंतर सरळही करता येत नाही. २४ बिटांत गेन एकदा लावावा आणि कीर्तन संपेपर्यंत त्याला हात लावू नये. पातळीचे सगळे काम घरी, शांतपणे, हवे तितक्या वेळा पुसून करता येते. फाइल दीडपट होते. त्या बदल्यात हे मिळत असेल तर सौदा वाईट नाही.

३२ बिट फ्लोट याच्या पुढचे पाऊल आहे. झूम एफ६ सारख्या रेकॉर्डरमध्ये मंद आणि मोठ्या आवाजासाठी दोन कन्व्हर्टर एकत्र काम करतात, त्यामुळे शून्याच्या वर गेलेला आवाजही नंतर खाली ओढता येतो. एकट्याने कॅमेरा आणि आवाज दोन्ही सांभाळणाऱ्यास तो नक्कीच सोयीचा आहे. मात्र मायक्रोफोन स्वतःच फाटला तर फ्लोट काही करू शकत नाही, आणि एकच कन्व्हर्टर असलेल्या साध्या इंटरफेसवरून संगणकात फ्लोट फाइल केली तर तिथेही बचाव होत नाही.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे, याबाबत माझे मत अधिक सौम्य आहे. त्याने पातळीची हेडरूम वाढत नाही. ४८ किलोहर्ट्झवर २४ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी मावतो, आणि ४४.१ च्या तुलनेत श्रवणमर्यादेच्या वर गाळणीला थोडी अधिक ऐसपैस जागा मिळते. ९६ वर झांजेचा झणत्कार अधिक मोकळा वाटतो असे सांगणारे जाणकार आहेत. मला तो फरक खात्रीने ओळखता आलेला नाही. एखाद्याला तान निम्म्या वेगाने ऐकवून शिकवायची असेल तर ९६ चा उपयोग होऊ शकतो, कारण वेग निम्मा केल्यावरही वरचा भाग रिकामा पडत नाही, अर्थात मायक्रोफोनने तो टिपलेला असेल तर. पण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ स्टिरिओ फाइल तासाला सुमारे दोन जीबी होते आणि वेव्ह फाइलची चार जीबीची मर्यादा दोन तासांनंतर लगेच गाठली जाते, म्हणजे बहुधा ऐन आख्यानात. रेकॉर्डर नवी फाइल सुरू करतो आणि सांधा सहसा नीट जुळतो, तरी तो प्रत्येक वेळी तपासावा लागतो.

४४.१ आणि ४८ यांत मी ४८ घेतो, कारण कीर्तनाबरोबर हल्ली चित्रीकरण असतेच आणि कॅमेऱ्याचा आवाज ४८ वर असतो. ४४.१ ची फाइल ४८ ची समजून वाजवली गेली तर ती जवळजवळ नऊ टक्के जास्त वेगाने पळते आणि काळी एकमधले कीर्तन पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्येच कुठेतरी जाऊन बसते.

म्हणून २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ. सीडी हवी असेल तेव्हा सगळे संपादन याच दर्जात पूर्ण करावे, मग ४४.१ वर आणावे आणि अगदी शेवटी, एकदाच, डिदर, म्हणजे मुद्दाम मिसळलेला अगदी हलका गोंगाट, लावून १६ बिटांवर उतरावे. डिदर न लावता नुसतेच बिट कापले तर भैरवीच्या अखेरीस विरत जाणारा पेटीचा सूर शेवटच्या क्षणी खरबरीत होऊन तुटल्यासारखा ऐकू येऊ शकतो. २४ बिटची मूळ फाइल मात्र जपून ठेवावी.