ट्यूबलाइटची हिरवी झाक: टिंट की निवडक दुरुस्ती?

मंगल कार्यालयातल्या जुन्या ट्यूबलाइटखाली साखरपुडा चित्रित केलात, तर चेहरे आजारी आणि भिंती शेवाळी दिसण्याची शक्यता बरीच. ट्यूबमधल्या पाऱ्यामुळे तिच्या प्रकाशात ५४६ नॅनोमीटरपाशी हिरव्याचा एक उंच सुळका असतो. आपले डोळे त्याला सरावतात, कॅमेरा सरावत नाही.

एडिटिंगला बसल्यावर दोन रस्ते दिसतात: हिरवा आणि मॅजेंटा यांचा तोल बदलणारी टिंटची पट्टी मॅजेंटाकडे सरकवायची, किंवा ह्यू कर्व्हवर फक्त हिरवा पकडून त्याचं सॅच्युरेशन उतरवायचं. दुसरा रस्ता पहिल्या नजरेला जास्त नेमका वाटतो. भिंत लगेच पांढरी होते आणि बाकी चित्राला धक्का लागत नाही.

माझं मन फिरलं ते नवरीच्या हिरव्या चुड्यामुळे. भिंतीवरची झाक आणि काचेच्या बांगड्यांचा खरा हिरवा, या दोन्हींत कर्व्हला फरक कळत नाही. बांगड्या राखाडी पडल्या, साडीचा हिरवा काठही गेला. आणि एवढं करून चेहरा होता तसाच. कारण त्वचेवर ही झाक हिरवी म्हणून दिसतच नाही. त्वचेचा केशरी रंग थोडा पिवळ्याकडे ढकलला जातो. हिरवा पकडणारं साधन तिथे पोचत नाही. हिरव्यासोबत पिवळाही पकडला, तर हळद आणि सोन्याचे दागिने उतरतात.

टिंट सगळ्या चित्रावर सारखं चालतं, आणि झाकही सगळ्यावरच पडलेली असते. लाल, हिरवा आणि निळा यांच्या पातळ्या शेजारी-शेजारी दाखवणाऱ्या आरजीबी परेडवर पांढरी भिंत किंवा पांढरं उपरणं बघायचं. तिथे हिरवा लाल-निळ्याच्या वर असतो. तिन्ही एका उंचीला येईपर्यंत पट्टी सरकवायची. मग रंगछटा आणि सॅच्युरेशन गोलावर दाखवणाऱ्या व्हेक्टरस्कोपवर त्वचा स्किन टोनच्या रेषेजवळ आली का, ते पाहायचं. चुडा हिरवाच राहतो. ओठ आणि कुंकू मात्र तरीही थोडे फिके वाटतील, कारण अशा ट्यूबमध्ये गडद लाल कमीच असतो. तिथे लालचं सॅच्युरेशन किंचित वाढवावं.

टिंटच्याही अडचणी आहेत. फ्रेममध्ये खुद्द ट्यूब दिसत असेल, तर जळालेला पांढरा भाग गुलाबी होतो. खिडकीतून दिवसाचा उजेड येत असेल, तर त्या बाजूचे पाहुणेही गुलाबी पडतात. इथे निवडक दुरुस्ती हवीच. ट्यूबसाठी फक्त अतिउजळ भागाचं सॅच्युरेशन शून्यावर आणतो, खिडकीकडच्या बाजूवर मऊ कडेचा मास्क टाकून तेवढ्यापुरतं टिंट मागे घेतो. रंगावरून निवड करण्यापेक्षा जागेवरून केलेली मला बरी वाटते. ८ बिटच्या फुटेजमध्ये रंगाने केलेल्या निवडीच्या कडा केसांपाशी थरथरतात.

उत्पादनाच्या जाहिरातीत एकाच वस्तूचा रंग जुळवायचा असेल, तर कदाचित उलट क्रम योग्य ठरेल. पण ज्या चित्रणात माणसांचे चेहरे आहेत, तिथे मी आधी टिंट लावतो आणि उरलेल्यापुरतीच निवडक दुरुस्ती करतो.