आधी अनुक्रमणिका, मग झेरॉक्स : पेपर बुकच्या एका पद्धतीचा नऊ महिन्यांचा अनुभव

आयकर अपिलीय न्यायाधिकरणापुढील अपिलांसाठी पेपर बुक तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. पूर्वीची रीत अशी होती की अशिलाच्या फाइलमधील कामाचे वाटतील ते कागद काढायचे, तारखेनुसार लावायचे, झेरॉक्स करून पृष्ठांक टाकायचे आणि शेवटच्या संध्याकाळी त्या गठ्ठ्यावरून अनुक्रमणिका टंकलिखित करायची. गेले नऊ महिने मी हा क्रम उलटा केला आहे. आधी रिकामी अनुक्रमणिका मांडायची, तिचे सर्व रकाने भरायचे, आणि ज्या कागदाचे रकाने भरले जातील तेवढाच कागद आत घ्यायचा. या पद्धतीने आतापर्यंत सहा पेपर बुके दाखल केली. त्यांवरून बनलेले मत येथे नोंदवीत आहे.

रकाने माझ्या मनाचे नाहीत. न्यायाधिकरणाच्या 1963 च्या नियमांतील नियम 18 प्रमाणे प्रत्येक कागद सत्यप्रत म्हणून प्रमाणित हवा, आणि अनुक्रमणिकेत त्याचा प्रस्तुत मुद्द्याशी असलेला संबंध थोडक्यात, पृष्ठांक, तसेच तो पूर्वी कोणत्या अधिकाऱ्यापुढे दाखल झाला होता, हे नमूद हवे. व्यवहारात या शेवटच्या रकान्याची जागा बहुधा तळाशी छापलेले एक ठरावीक वाक्य घेते : ‘वरील सर्व कागद खालच्या अधिकाऱ्यांपुढे दाखल होते.’ मीही ते वाक्य वर्षानुवर्षे न वाचता ठेवीत आलो होतो. ते काढून टाकले आणि प्रत्येक ओळीसमोर अधिकारी, दाखल केल्याची तारीख आणि पोच क्रमांक लिहू लागलो, तेव्हा ही पद्धत कशासाठी आहे ते समजले.

दुसऱ्याच पेपर बुकात त्याचा प्रत्यय आला. प्रकरण करनिर्धारण वर्ष 2017-18 चे होते. एका किरकोळ व्यापाऱ्याने नोटाबंदीच्या काळात बँकेत 18,40,000 रुपये रोख भरले होते आणि ती सर्व रक्कम कलम 69अ खाली उत्पन्नात मिळवण्यात आली होती. आमचे म्हणणे सरळ होते : 8 नोव्हेंबर 2016 रोजी रोकड वहीत 16,25,000 रुपये शिल्लक होते आणि उरलेले 2,15,000 रुपये त्यानंतरच्या विक्रीचे, नव्या नोटांतील होते. ही शिल्लक मागाहून फुगवलेली नाही हे दाखवण्यासाठी आमच्याकडे दोन भक्कम कागद होते. एक साठा नोंदवही, आणि दुसरे सप्टेंबरअखेरच्या तिमाहीचे व्हॅट विवरणपत्र, जे नोटाबंदीपूर्वीच, ऑक्टोबरमध्ये भरलेले होते.

आयुक्तांनी (अपील) आपल्या आदेशात ‘साठा नोंदवही सादर केली नाही’ असे लिहिले होते. रकाना भरताना पोर्टलवरील जुन्या पोचपावत्या एकेक करून उघडल्या, तेव्हा ती करनिर्धारण अधिकाऱ्याला दिलेल्या दुसऱ्या उत्तरासोबत तिसरे सहपत्र म्हणून गेलेली आढळली. सहपत्राच्या फाइलला कोणीतरी ‘scan3’ असे नाव दिले होते, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आले नसावे. ती पोचपावती आम्ही नोंदवहीच्या लगेच आधी, पृष्ठ 60 वर घेतली आणि नोंदवही पृष्ठ 61 पासून सुरू केली.

व्हॅट विवरणपत्राच्या बाबतीत नेमके उलट निघाले. आमच्या प्रत्येक उत्तरात त्याचा उल्लेख होता, पण ते जोडलेले कुठेच नव्हते. उल्लेख केलेला कागद दाखलही झाला असणार असे आम्ही सर्व धरून चाललो होतो, आणि जुन्या रीतीने ते त्या ठरावीक वाक्याखाली मुख्य पेपर बुकात गेले असते. नियम 18(4) प्रमाणे नवा पुरावा मुख्य पेपर बुकात घालता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र पेपर बुक आणि कारणे देणारा अर्ज लागतो. शिवाय नियम 29 प्रमाणे असा पुरावा देणे हा पक्षकाराचा हक्क नाही. तो स्वीकारायचा की नाही हे न्यायाधिकरण ठरवते. म्हणून विवरणपत्राचे नऊ पानांचे वेगळे पुस्तक केले आणि अर्जात कारण जसे होते तसे लिहिले : उत्तरात उल्लेख आहे, जोडण्याचे राहून गेले, आणि कागद सरकारी पोर्टलवरचाच असल्याने तो मागाहून तयार केल्याचा संशय घेता येत नाही. सुनावणीत विभागीय प्रतिनिधींनी पहिला आक्षेप साठा नोंदवहीवरच घेतला. आमच्या बाजूने अपील चालवणाऱ्या सरांनी एवढेच सांगितले, ‘पृष्ठ 60 पाहावे.’ विवरणपत्रावर मात्र बराच वाद झाला आणि तो होणारच होता. पण खोटे प्रमाणपत्र दिल्याचा ठपका त्यात नव्हता.

लेखी निवेदनही आता याच अनुक्रमणिकेवरून लिहितो. नियम 18(6) नुसार युक्तिवादात ज्या कागदांचा आधार घेतला जातो तेवढेच अभिलेखाचा भाग मानले जातात, म्हणजे दीडशे पाने देऊन दहांचाच उल्लेख केला तर बाकीच्यांचा उपयोग नाही. म्हणून प्रत्येक परिच्छेदात आदेशातील निष्कर्षाचा परिच्छेद क्रमांक, त्यावरील आमचे उत्तर आणि पेपर बुकाचे पृष्ठ, एवढे तीन धागे असतात. निवेदन पूर्ण झाल्यावर अनुक्रमणिका पुन्हा हाती घेतो. ज्या कागदाचे पृष्ठ निवेदनात एकदाही आले नाही, तो बाहेर काढतो. वरील प्रकरणात 212 पानांची 146 झाली. वगळलेल्यांत वीजबिले होती, जी का ठेवली होती ते आम्हा दोघांनाही सांगता येईना.

पृष्ठांकांबाबत एक सूचना. अंक नेहमी मूळ संचावर टाकावेत आणि मगच झेरॉक्स काढावी. चार संचांवर वेगवेगळे शिक्के मारले की कुठेतरी एक पान निसटते आणि खंडपीठाचे 84 ते तुमचे 85 होते. दुसरी अडचण पीडीएफची. अनुक्रमणिकेच्या दोन पानांना अंक नसेल तर छापील पृष्ठ 61 पडद्यावर 63 दिसते. मी आता अनुक्रमणिकेलाही 1 आणि 2 असे अंक देतो, म्हणजे दोन्ही जुळतात. मात्र त्यासाठी तिची पाने आधी ठरलेली लागतात.

उणिवाही आहेत. अशील शेवटच्या आठवड्यात नवा कागद घेऊन आला की सगळे अंक बदलतात. ‘61अ’ असे मध्ये घुसवणे मला पटत नाही, कारण निवेदनातील संदर्भ तपासताना तेच पान हमखास सुटते. पेपर बुक दोन प्रतींत सुनावणीच्या किमान एक दिवस आधी द्यायचे असले, तरी त्याची प्रत दुसऱ्या बाजूला किमान एक आठवडा आधी पोचल्याचा पुरावा सोबत लागतो. त्यामुळे खरी मुदत ती आठवड्याची. पोचपावत्या शोधण्यात प्रत्येक प्रकरणी दोन संध्याकाळी जास्तीच्या जातात. निव्वळ कायद्याचा प्रश्न असलेल्या अपिलात एवढा खटाटोप नको. तिथे दोन्ही आदेश आणि न्यायनिवाड्यांचे वेगळे संकलन पुरते. आणि संबंध सांगणाऱ्या रकान्यात युक्तिवाद लिहिण्याचा मोह होतो. सर तो दरवेळी लाल पेनाने कापतात. मागच्या खेपेस माझ्या चार ओळींतून ‘दि. 8/11/2016 ची रोख शिल्लक’ एवढेच उरले होते.