तीस सेकंद की पाच मिनिटं? फोन आणि लॅपटॉपच्या आपोआप लॉकचा हिशोब

भाचीने नवा लॅपटॉप घेतला आणि विचारलं, "मावशी, लॉक किती वेळाने पडू दे?" ती सीएची तयारी करते, पुण्यात पेठेतल्या एका अभ्यासिकेत दिवसाचे दहा तास बसते. टेबल सामाईक, शेजारी रोज ओळखीचंच कोणी असेल असं नाही, आणि चहाला खाली उतरलं की दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. लॅपटॉप टेबलावरच राहतो. फोन मात्र तिच्याबरोबर असतो, नाहीतर चार्जिंगला लावलेला. दोन्ही वस्तू एकट्या पडतात, पण वेगवेगळ्या रीतीने, त्यामुळे दोन्हींना एकच आकडा लावण्यात अर्थ नाही.

आकडा ठरवण्याआधी एक घोळ निस्तरावा लागला. स्क्रीन काळी झाली म्हणजे लॉक झालं, असं ती समजत होती. खरं तर ही दोन घड्याळं आहेत. पहिलं स्क्रीन विझवतं, दुसरं पासवर्ड मागायला लागतं, आणि पासवर्ड मागितला जाईपर्यंतचा सगळा वेळ आपल्यासाठी धोक्याचा. तिच्या विंडोज लॅपटॉपवर चार्जर लावलेला असताना स्क्रीन दहा मिनिटांनी विझत होती, मशीन तीस मिनिटांनी झोपत होतं आणि पासवर्ड फक्त झोपेतून उठल्यावर मागितला जात होता. ती अकराला उठली आणि अकरा चौदाला परतली, असं धरा. चौदाही मिनिटं लॅपटॉप उघडा होता. त्यातली शेवटची चार तर तो बंद असल्यासारखा दिसत होता. कोणी नुसता माउस हलवला असता तरी तिचं सगळं समोर आलं असतं. बॅटरीवरचे वेळ वेगळे आणि कमी होते, म्हणून घरी ही गोष्ट कधी लक्षातच आली नाही.

हे तपासायला मनगटावरचं घड्याळ पुरतं. मशीनला हात न लावता बसा, स्क्रीन विझली की वेळ टिपा आणि लगेच एक कळ दाबा. पासवर्ड मागितला नाही तर पुन्हा तसंच बसा, पण या वेळी स्क्रीन विझल्यावर आणखी पाच मिनिटं थांबून कळ दाबा. चार्जर लावून एकदा आणि काढून एकदा, असं दोनदा करा. व्हिडिओ लेक्चर चालू असेल तर ते थांबवा, कारण व्हिडिओ चालू असेपर्यंत स्क्रीन सहसा विझतच नाही. लेक्चर चालू ठेवून चहाला जाणाऱ्याच्या लॅपटॉपवर हे घड्याळ सुरूच होत नाही.

आता फोन. आयफोनवर फेस आयडी किंवा टच आयडी चालू असेल तर दुसरं घड्याळ शून्यावर असतं, स्क्रीन विझली की लॉक झालाच. अँड्रॉइडवर स्क्रीन लॉकच्या शेजारच्या दातेरी चक्रात Lock after screen timeout वेगळं असतं; नावात कंपनीगणिक थोडा फरक पडतो. ते काही सेकंदांच्या वर नेऊ नये. तिथेच पॉवर बटण दाबल्यावर ताबडतोब लॉक व्हावं, हा पर्यायही चालू हवा. नाहीतर बटण दाबून फोन बंद केला असं वाटतं आणि तो थोडा वेळ उघडाच राहतो.

फोनवर तीस सेकंद विरुद्ध पाच मिनिटं हा सौदा बोट चालतं की नाही यावर ठरतो. ठसा एका सेकंदात लागत असेल, तर दिवसात साठ वेळा फोन उघडला तरी मिनिटभरच जातं. अशा माणसाने पाच मिनिटं ठेवण्यात काही मिळवणं नाही. पण माझ्या आईच्या बोटांचे ठसे भांडी घासून झिजलेत, तिला दर वेळी सहा आकडे टाकावे लागतात. तिच्या फोनवर तीस सेकंद ठेवले तेव्हा ती आठवड्याभरात 123456 वर आली. वर भाजीवाल्यापुढे, रिक्षात, सगळ्यांच्या देखत तोच पिन. पिन डोळ्यांनी टिपून मग फोन पळवणारे चोर असतात. ॲपलने 2024 च्या जानेवारीत आयओएस 17.3 मध्ये चोरीला गेलेल्या फोनसाठी जादा संरक्षण आणलं, ते याच प्रकारासाठी. म्हणून आईसाठी दोन मिनिटं आणि नीट पिन, हे तीस सेकंद आणि तकलादू पिनपेक्षा मला बरं वाटलं.

रेसिपी बघताना हात पिठाचे असतात तेव्हा तेवढ्यापुरता वेळ वाढवावा, आणि स्वयंपाक झाला की परत खाली आणावा. 'कधीच नको' हा पर्याय मात्र लावू नये, कारण तो बदलायचं आपण विसरतो.

लॅपटॉपवर उघडणं महाग असतं. लांब पासवर्ड, अर्धवट वाचलेलं पान, तुटलेली तंद्री. एक मिनिट ठेवलं तर पुस्तकात डोकं घालून वाचणाऱ्या मुलीचा लॅपटॉप दर पानाला लॉक होईल, आणि दोन दिवसांत ती सेटिंग बंद करेल. दुसरीकडे पंधरा मिनिटं म्हणजे तिच्या चहाला पुरून उरणारा वेळ. कार्ड पेमेंटच्या पीसीआय डीएसएस नियमांत पंधरा मिनिटांची निष्क्रियता ही कमाल मर्यादा आहे. अनोळखी लोकांच्या टेबलावर तीच आपला आकडा धरू नये. आणि तिच्या लॅपटॉपवर काय उघडं असतं? ईमेल आणि व्हॉट्सॲप वेब. यूपीआयला निदान बहुतेक वेळा वेगळा पिन लागतो. उघड्या ईमेलमधून 'पासवर्ड विसरलो' म्हणत बाकीची खाती एकेक करून बदलता येतात.

आम्ही पाच मिनिटं ठरवली. Sign-in options मध्ये तिच्याकडे मिनिटांचे पर्याय नव्हते (काही नव्या लॅपटॉपवर असतात), म्हणून जुना स्क्रीन सेव्हर कामाला लावला: पाच मिनिटं आणि On resume, display logon screen वर खूण. मॅकवर हेच काम Lock Screen मधली Require password ची ओळ करते. ती Immediately वर हवी.

तरी पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं उघडा लॅपटॉप. त्या वेळात शेजारच्याने टचपॅडला बोट लावलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हिसकावलेल्या उघड्या फोनचंही तेच, चोर स्क्रीनला हात लावत राहिला तर तो लॉक होतच नाही. (अँड्रॉइड 10 आणि पुढच्या बऱ्याच फोनवर हिसका ओळखून लॉक करणारी सोय आहे, ती चालू करून ठेवावी.) आपोआप लॉक हा विसरलेल्या दिवसासाठी आहे. एरवी उठताना स्वतःच लॉक करावं: विंडोजवर `Win + L`, मॅकवर `Ctrl + Cmd + Q`.

फोन ब्लूटूथच्या टप्प्याबाहेर गेला की लॅपटॉप लॉक करणारं Dynamic lock ही लावून पाहिलं. ती फोन घेऊन खाली गेली की साधारण मिनिटभरात लॉक पडायचं. तिसऱ्या दिवशी ती फोन लॅपटॉपशेजारीच चार्जिंगला लावून चहाला गेली. त्या दिवशी पाच मिनिटांनी स्क्रीन सेव्हरनेच लॉक केलं.