सॅकला रेन कव्हर की आत जाड पिशवी?

जून आला की बडोद्यातल्या ओळखीच्यांपैकी कुणी ना कुणी हे विचारतंच. मी दोन्ही वापरलं आहे. दोन्हींचे उपयोग आहेत, पण माझं मन कुठे झुकतं ते पुढे कळेलच, कारण त्यामागे हिमाचलातल्या हामटा पास या खिंडीची एक दुपार आहे.

निघायच्या आदल्या रात्री दांडिया बजारातले आमचे शेजारी काका सॅक बघायला आले होते. त्यांनी हिमालयात बरीच वर्षं काढली आहेत. सॅक उघडून म्हणाले, "अरे, आत पिशवी कुठाय? आधी ती घाल, मग सामान." मी म्हटलं, "काका, सॅकबरोबर कव्हर आलंय की." त्यांनी जाड प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली आणि गेले. ती टेबलावरच राहिली.

बालू का घेराचा कॅम्प सोडून आम्ही खिंडीकडे निघालो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. खिंड १४,००० फुटांच्या वर आहे. डोंगरात दुपारनंतर ढग भरून येतात म्हणून लवकर ओलांडायची असते, पण आम्हाला उशीर झाला. एकच्या सुमारास गारा सुरू झाल्या, मग बर्फमिश्रित पाऊस, आणि वारा असा की बोललेलं ऐकू येईना.

माझा निर्णय इथेच झाला. कव्हर सॅकच्या पाठीकडची बाजू झाकत नाही, पट्टे तिथेच असतात ना. डोक्यावरून, मानेवरून ओघळणारं पाणी पाठ आणि सॅकच्या मधून आत शिरतं आणि तळाशी साचतं. कव्हर खालून घट्ट असेल तर ते पाणी बाहेरही पडत नाही. त्यात माझ्या कव्हरला फक्त इलॅस्टिक होतं, कमरेला अडकवायचा पट्टा नव्हता. वाऱ्याने ते फुग्यासारखं फुगलं आणि एका झटक्यात दरीत गेलं.

शिया गोरूच्या कॅम्पवर सॅक उलटी केली तेव्हा तळातून पेलाभर पाणी निघालं. स्लीपिंग बॅग मी तळाशीच ठेवली होती. पिसांच्या जॅकेटमधली पिसं भिजून गोळे झाली होती, त्यांत काही ऊब उरली नव्हती. बोटं इतकी बधिर की सॅकचं बकल दाबता येईना. सोबत्याने ते उघडलं, माझे ओले कपडे काढले, स्वतःचा कोरडा स्वेटर मला घातला आणि गोड गरम चहा पाजला. माझी थरथर थांबायला तास तरी लागला. काकांनी नंतर सांगितलं की अशा वेळी हातपाय चोळायचे नसतात. आणि गारठलेल्या माणसाची थरथर ऊब न मिळताच थांबली, बोलणं जड झालं, तर तो बरा होत नसून प्रकरण हाताबाहेर जात असतं.

त्यानंतर मी पिशवी वापरतो. पुढच्या पावसाळ्यात राजगडावर सहा तास पावसात होतो. सॅक बाहेरून निथळत होती, आतले मोजे कोरडे. मोजमाप असं काही केलं नाही, पण मला तेवढं पुरे होतं.

पिशवी मात्र नीट भरावी लागते. पन्नास-साठ लिटरच्या सॅकला जवळजवळ दुप्पट मोठी पिशवी घ्या, नाहीतर तोंड पिळायला प्लास्टिक उरत नाही. सामान भरून झालं की सॅकला मिठी मारून हवा काढायची, तोंड पिळून दुमडून आत खोचायचं. गाठ मारू नका, गारठलेल्या बोटांनी ती सुटत नाही. रेन जॅकेट आणि दुपारचे थेपले पिशवीच्या बाहेर, अगदी वर ठेवा, म्हणजे पावसात पिशवी उघडावी लागणार नाही. कचऱ्याच्या पातळ पिशव्या झिपच्या दातांनी फाटतात, तेव्हा जाडच बघा. हवा भरून दाबा; भोक असेल तर कानाशी फुसफुस ऐकू येते.

कव्हरची बाजूही सांगायला हवी. पिशवी असली तरी सॅकचं कापड आणि पट्टे भिजतात, ओझं वाढतं, आणि बाहेरच्या खिशातलं काहीच वाचत नाही. बसच्या टपावरची धूळ, काट्याकुट्यांची झाडी, पावागडची एका दिवसाची फेरी, यांना कव्हर बरं पडतं. घेणारच असाल तर कमरेच्या पट्ट्याला अडकवता येईल असं आणि तळाशी पाणी जायला भोक असलेलं घ्या. ज्यांना झेपेल त्यांनी दोन्ही न्यावीत, मीही कधीकधी नेतो.

पण रात्री उंचावर झोपायचं असेल आणि दोहोंपैकी एकच घ्यायचं असेल, तर मला वाटतं पिशवी घ्यावी. काकांची ती पिशवी अजून माझ्याकडे आहे. तिला दोन ठिकाणी टेप लावली आहे आणि स्लीपिंग बॅग तिच्यातच जाते.