लघवीच्या डायरीचा तक्ता: तासांची चौकट की एका नोंदीला एक ओळ?

खानापूर-निपाणीकडून येणाऱ्या पेशंटची तीन दिवसांची लघवीची डायरी बहुतेक वेळा वहीच्या पानावरच असते. आजीचे आकडे मराठी, तर रात्री उठून लिहून देणाऱ्या नातवाचे कानडी. कानडीतला एक गोलसर असतो, घाईत लिहिला की शून्यच वाटतो. म्हणून वाचता न आलेला आकडा अंदाजाने भरू नका, फोन करून विचारा.

ही वही संगणकावर उतरवायच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत दिवसाला एक रकाना आणि २४ तासांची २४ घरं. दुसरीत प्रत्येक पिण्याला आणि प्रत्येक लघवीला वेगळी ओळ.

चौकट दिसायला सुटसुटीत आणि पेशंटला समजावायला उत्तम. संध्याकाळी सातनंतर तीन कप चहा झाला, हे आजींना त्यात चटकन दिसतं. पण त्यांची सकाळ पाहा. १०:०५ ला ८० मिली, १०:४० ला ७० मिली, आणि दुसऱ्या वेळी न थांबवता येणारी घाई. चौकटीत दहाच्या घरात १५० मिली आणि घाईची एक खूण पडते. दोन वेळा गेल्या हे कळत नाही आणि घाई फक्त ७० मिलीवरच झाली हेही नाही. डॉक्टरांना तर नेमकं तेच हवं असतं.

ओळींच्या तक्त्यात तेच असं दिसतं:

| तारीख | वेळ | काय | मिली | घाई |
|---|---|---|---|---|
| ५ | १०:०५ | लघवी | ८० | नाही |
| ५ | १०:४० | लघवी | ७० | हो |
| ५ | २२:०० | झोपल्या | | |
| ६ | ००:३० | लघवी | २०० | नाही |

शेवटच्या ओळीची तारीख बघा. वहीत ती ५ तारखेच्याच पानावर होती. पान पाहून तारीख टाकली की रात्र विस्कटते.

त्या रात्री १२:३० ला २००, तीनला २००, आणि सकाळी सहाला उठल्यावर ३०० मिली. सकाळची पहिली लघवी रात्रभर साठलेली असते, म्हणून ती रात्रीच्या मापात धरतात, पण रात्री उठण्याच्या संख्येत नाही. म्हणजे उठणं दोनदा, माप ७००. दिवसाचे ९०० मिळून एकूण १६००, म्हणजे रात्रीचा वाटा ४४ टक्के. सहाची नोंद दिवसात ढकलली तर तोच वाटा २५ टक्के होतो. ६५ वर्षांवरच्यांत ३३ टक्क्यांपुढे गेलं की रात्री लघवी जास्त तयार होते असं मानतात, म्हणून निदानच बदलतं. झोपल्याची आणि उठल्याची ओळ त्यासाठीच हवी.

टायपिंगला ओळींची पद्धत वेळखाऊ आहे हे खरं. तरी मी तीच निवडीन, कारण ओळींवरून चौकट कधीही काढता येते, चौकटीतून ओळी परत मिळत नाहीत. लग्नाला गेल्यामुळे मोजलं नसेल तर मिलीचं घर रिकामं ठेवा, शून्य नको. वेळा मोजायला ती ओळ चालते, पण त्या दिवसाची टक्केवारी काढू नका.