आयसीयूबाहेरची ओळख २७,५०० रुपयांना पडली

३,५०० रोख आणि २४,००० यूपीआयवर. वडील आयसीयूत असताना, ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, वेटिंग हॉलमध्ये भेटलेल्या माणसाने माझ्याकडून एवढे पैसे काढले. धर्मादाय कोट्याच्या नावावर चालणारे धंदे बहुतेकांनी ऐकले असतील. मीही ऐकले होते. पण ऐकलेल्या गोष्टींतला एजंट गेटवर गाठतो, मागे लागतो. हा तर माझ्याशी बोलतसुद्धा नव्हता.

पहिल्या रात्री तो दोन खुर्च्या सोडून बसला होता. पन्नाशीचा, चौकड्यांचा शर्ट, मांडीवर रिपोर्टांची जाड फाइल. मी औषधं आणायला खाली निघालो, तर माझ्या पिशवीकडे बघून "असू दे, मी आहे" एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी चार्जर मागितला. मग बऱ्याच वेळाने, "तुमचं कोण?" वडील, अर्धांगवायू, मी सांगितलं. त्याची बायको, किडनी. पुन्हा गप्प. रात्री कँटीनचा चहा दोघांसाठी आणला आणि पैसे घेतले नाहीत. तोवर मी त्याला काका म्हणायला लागलो होतो. बिलाचा विषयही मीच काढला, कारण अंदाज २,८०,००० चा दिला होता आणि ते मनात ठेवून बसवत नव्हतं. "आमचं निम्म्यावर आलं, दादा. फाइल नीट लागली पाहिजे," एवढं बोलून त्याने डोळे मिटले. पुढचं सगळं मी विचारत गेलो आणि तो नाइलाजाने सांगितल्यासारखं सांगत गेला.

एक गोष्ट आठवली की अजून डोकं फिरतं. आयसीयूच्या भेटीच्या वेळी गार्ड दाराशी येऊन एकेका पेशंटचं नाव पुकारतो. नातेवाईक पास दाखवतो, चप्पल काढतो, आत जातो. या माणसाच्या पेशंटचं नाव कधीच पुकारलं गेलं नाही. हॉलमधला प्रत्येक जण "अमक्याचे नातेवाईक" ऐकलं की ताडकन उठायचा, हा बसून राहायचा. मी एकदा विचारलंही. "तिला डायलिसिसला नेलंय," म्हणाला. नातेवाइकाकडे पास असतोच. तो बघा. पास नसलेला माणूस रात्रंदिवस आयसीयूबाहेर का बसेल?

रोख ३,५०० "फाइलचे" म्हणून घेतले. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधारच्या झेरॉक्सही नेल्या. दुसऱ्या दिवशी २४,००० "कमिटीचे". क्यूआर स्कॅन केला तर स्क्रीनवर कुठल्यातरी मोबाइल दुकानाचं नाव आलं. "भाच्याचं खातं आहे," हे त्याचं उत्तर. त्याच वेळी आतून डॉक्टरांनी मला बोलावलं होतं. अशा घडीला पिन टाकणाऱ्याला मूर्ख म्हणणाऱ्यांनी आधी त्या खुर्चीत एक रात्र काढावी.

संध्याकाळी तो गायब, फोन बंद. हॉस्पिटलच्या समाजसेवकाकडे गेलो, तर आमचा अर्जच आलेला नव्हता. तिथे जे कळलं ते लिहून ठेवा. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. अर्ज रुग्णालयातच समाजसेवकाकडे द्यायचा, त्याला एक रुपयाही लागत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचंही तसंच, तिथे आरोग्यमित्र बसतो. ही माहिती बिलिंगच्या खिडकीवर मोठ्या अक्षरांत लावायला हॉस्पिटलचं काय जातं? सीसीटीव्ही मागितला तर "पोलिसांचं पत्र आणा."

आणि पोलीस! चौकीत म्हणाले, पैसे यूपीआयने गेले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस समोरासमोर भेटला होता, ही ऑनलाइन फसवणूक नाही, चौकीत जा. परत चौकीत आलो तर, "तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेत ना?" फसवणुकीत माणूस स्वतःच्याच हाताने देतो, म्हणून तर तिला फसवणूक म्हणतात! शेवटी हद्दीचा मुद्दा काढला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावीच लागते. मी तोंडी सांगत राहिलो, तुम्ही लेखीच द्या आणि पोच घ्या. १९३० या सायबर हेल्पलाइनवरची माझी तक्रार नोंदली गेली, पण तोवर त्या खात्यातून पैसे काढले गेले होते. फोन आधी तिथे करा, त्याच तासाला. चौकीच्या बाकावर बसण्यात वेळ घालवू नका.

झेरॉक्स दिल्याच तर त्यावर आडवं लिहा, कशासाठी आणि कोणत्या तारखेला. माझ्या कोऱ्या कागदांचं आता काय होईल ही भीती वेगळीच.

घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा या पट्ट्यात अशा माणसाला कोणी पैसे दिले असतील तर लाजून गप्प बसू नका, तुमचीही लेखी तक्रार द्या. एकट्या माझ्या अर्जावर अजून एफआयआर झालेला नाही.